आलेखाचे वाचन आणि वर्णन : एका प्रश्नाचा अभ्यास

आपल्या वसतिगृहातून बाहेर पडलेली काही मुलेमुली पदवीनंतर रविवारी पुन्हा शाळेत येऊ लागली, तेव्हा त्यांच्या पिशवीत आयेल्ट्सची पुस्तके असत. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसाठी अर्ज करावयाचा, परदेशी विद्यापीठाचा प्रवेश मिळवावयाचा, तर बहुतेक ठिकाणी इंग्रजीच्या या परीक्षेची पायरी चढावीच लागते. आम्ही इतिहासाचे शिक्षक. इंग्रजी व्याकरणात आमचा अधिकार तो किती! परंतु लेखनाच्या पेपरातील पहिला प्रश्न पाहिला आणि ध्यानात आले, की हा प्रश्न भाषेचा जितका आहे तितकाच आकडे वाचण्याचा आहे. ते काम आम्ही वर्षानुवर्षे जनगणनेचे तक्ते फळ्यावर मांडून करीत आलो आहोत. या लेखात तेवढाच भाग मांडतो.

प्रश्नाचे स्वरूप असे. एक आलेख, तक्ता, नकाशा किंवा एखाद्या प्रक्रियेची आकृती दिलेली असते. तिचे वर्णन किमान १५० शब्दांत करावयाचे. एक तासाच्या पेपरात या प्रश्नासाठी साधारण २० मिनिटे. उरलेली ४० मिनिटे निबंधाला, कारण निबंधाचे वजन दुप्पट असते. वर्णनात स्वतःचे मत मांडावयाचे नाही आणि आकृतीत नसलेले कारणही सांगावयाचे नाही. परीक्षक जे पाहतो त्यात एक गोष्ट अशी आहे, की ती नसेल तर बाकीचे चांगले इंग्रजीही पुरे पडत नाही. ती म्हणजे समग्र चित्र सांगणारी एक-दोन वाक्ये. इंग्रजीत तिला 'ओव्हरव्ह्यू' म्हणतात. गुणदानाच्या प्रसिद्ध निकषांत तपशील यांत्रिकपणे सांगून ओव्हरव्ह्यू न देणारे उत्तर या अंगाने पाचव्या बँडवर अडते. अनेक विद्यापीठे साडेसहा मागतात, हे लक्षात घेतले म्हणजे या दोन वाक्यांची किंमत कळते.

आमच्याकडे आलेल्या एका विद्यार्थिनीची गोष्ट सांगतो. सरावासाठी आम्ही तिला पुस्तकातला आलेख न देता जनगणनेवरून तयार केलेला दिला. १९९१, २००१ आणि २०११ या तीन जनगणनांमधील साक्षरतेची टक्केवारी, सात वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्तींची, पूर्णांकांत. रेषा चार होत्या :

एकूण पुरुष — ६४, ७५, ८१
अनुसूचित जातींतील पुरुष — ५०, ६७, ७५
एकूण स्त्रिया — ३९, ५४, ६५
अनुसूचित जातींतील स्त्रिया — २४, ४२, ५६

(१९८१ का घेतले नाही, असे कोणी विचारील. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांचा अनुसूचित जातींत समावेश झाला आणि १९९१ पासून साक्षरता मोजण्याचे किमान वय पाचऐवजी सात झाले. म्हणजे त्याआधीचा गटही वेगळा आणि मोजपट्टीही वेगळी. अशी दोन वर्षे एका रेषेने जोडणे इतिहासाच्या विद्यार्थ्याला शोभत नाही.)

तिने सुमारे २०० शब्द लिहिले. पहिल्या परिच्छेदात एकूण पुरुषांचे तीन आकडे, दुसऱ्यात अनुसूचित जातींतील पुरुषांचे तीन, मग स्त्रियांचे. बाराच्या बारा आकडे कागदावर उतरले होते आणि तरीही उत्तर वाचून झाल्यावर काय घडले ते सांगता येत नव्हते. शेवटी मात्र तिने मन ओतले होते : बाबासाहेबांची चळवळ, आरक्षण, आश्रमशाळा, सावित्रीबाई. त्यातला शब्द न् शब्द खरा. पण आलेखात त्यातले काहीच नव्हते, म्हणून या प्रश्नात त्याला गुण नाहीत. हे तिला सांगताना आम्हालाच अवघड गेले. कारणे विचारणारा निबंध त्याच पेपरात पुढे आहे. आकड्यांमागील कारणे अशा निबंधासाठी राखून ठेवावीत, एवढेच आम्ही तिला म्हणालो.

मग लेखणी खाली ठेवायला लावली आणि तीन मिनिटे नुसते पाहायला सांगितले. पाहावयाचे कसे? आडवे पाहिले तर प्रत्येक रेषेची वाढ दिसते. उभे पाहिले तर एका वर्षातील अंतरे दिसतात. मुले बहुधा फक्त आडवे पाहतात, म्हणून त्यांच्या उत्तरांत चार वेगवेगळ्या गोष्टी येतात आणि तुलना एकही येत नाही.

उभे पाहू. १९९१ मध्ये सर्वांत वर एकूण पुरुष, ६४. सर्वांत खाली अनुसूचित जातींतील स्त्रिया, २४. अंतर ४०. दहा वर्षांनी ते ३३ झाले आणि वीस वर्षांनी २५. म्हणजे चारही रेषा वर चढत असताना सर्वांत वरची आणि सर्वांत खालची एकमेकींच्या जवळ आल्या. दुसरे असे, की चौघांचा क्रम तिन्ही वर्षी तोच राहिला. अनुसूचित जातींतील पुरुष तिन्ही वेळा एकूण स्त्रियांच्या पुढे आहेत, ही गोष्ट आमच्या वर्गात प्रत्येक वेळी थोडी शांतता निर्माण करते. आता ओव्हरव्ह्यू आपोआप तयार होतो : चारही गटांची साक्षरता वाढली आणि सर्वांत वरच्या व सर्वांत खालच्या गटांतील अंतर बरेच कमी झाले, मात्र त्यांचा क्रम बदलला नाही. यात एकही आकडा नाही, आणि ओव्हरव्ह्यूमध्ये आकडा नसणेच योग्य. आकडे पुढच्या परिच्छेदांत पुरावा म्हणून येतात.

आता भाषेतील एका बारीक जागेकडे वळू, कारण अर्थ तिथेच सर्वांत अधिक बिघडतो. अनुसूचित जातींतील स्त्रियांचे प्रमाण १९९१ ते २००१ या काळात २४ वरून ४२ वर गेले. इंग्रजीत 'रोज बाय' म्हणजे इतक्याने वाढले आणि 'रोज टू' म्हणजे इतक्यापर्यंत वाढले. मराठीत 'ने' आणि 'पर्यंत' यांची गल्लत आपण कधी करीत नाही. परंतु इंग्रजीत या चिमुकल्या शब्दांकडे लक्ष राहत नाही. त्या विद्यार्थिनीने 'रोज बाय फॉर्टी-टू' लिहिले होते. तसे असते, तर २४ वरून थेट ६६ वर उडी गेली असती.

त्याहून सूक्ष्म चूक टक्क्याची. २४ वरून ४२ ही वाढ १८ टक्क्यांची का? नाही. ती १८ टक्केबिंदूंची आहे. इंग्रजीत 'परसेंटेज पॉइंट्स'. २४ च्या तुलनेत १८ म्हणजे पाऊणपट, म्हणून टक्क्यांत बोलायचे तर वाढ ७५ टक्के. त्याच दशकात अनुसूचित जातींतील पुरुष ५० वरून ६७ वर गेले : १७ बिंदू, परंतु ३४ टक्के. बिंदूंत पाहिले तर दोघांची धाव जवळजवळ सारखी, आणि टक्क्यांत पाहिले तर स्त्रिया दुपटीहून वेगाने धावल्या! दोन्ही विधाने खरी आहेत. फक्त पहिले अंतर सांगते आणि दुसरे सुरुवात किती खालून झाली ते सांगते. दोघांतील अंतर या दशकात २६ वरून केवळ २५ झाले, हे पाहिले म्हणजे नुसते '७५ टक्के वाढ' वाचून आनंदित होणारा कसा फसतो तेही कळते. परीक्षेत आम्ही सर्वांना टक्केबिंदूंचीच सवय लावतो. त्यात घोटाळा होत नाही.

'दुप्पट' शब्दाचेही तसेच. २४ वरून ५६ म्हणजे दुपटीहून अधिक झाले, 'मोअर दॅन डबल्ड'. मुले 'दुपटीने वाढले' असे लिहितात. काटेकोरपणे पाहता दुपटीने वाढणे म्हणजे २४ मध्ये ४८ मिळवून ७२ होणे.

वाढ कशी झाली हे सांगणारी क्रियाविशेषणे मुले पाठ करून येतात : 'स्टेडिली', 'शार्पली', 'ड्रॅमॅटिकली', आणि सर्वांची लाडकी 'फ्लक्च्युएटेड'. या आलेखात चढउतार नाहीच. तीनही बिंदू वर जाणारे आहेत, म्हणून 'फ्लक्च्युएटेड' बाद. 'स्टेडिली', म्हणजे संथ पण एकसारख्या गतीने, हा शब्द अनुसूचित जातींतील पुरुषांना लागत नाही, कारण पहिल्या दशकात १७ बिंदू आणि दुसऱ्यात ८, म्हणजे गती निम्म्याहून कमी झाली. त्यांच्यासाठी 'आधी वेगाने, नंतर मंद गतीने' असेच म्हणावे लागते. स्त्रियांची वाढ १८ आणि १४, म्हणून तिथे 'फारशी न मंदावता' चालेल. शिवाय १९९१ आणि २००१ यांच्या मधल्या नऊ वर्षांत काय झाले हे आलेखाला ठाऊक नाही. दोन बिंदूंमधील रेषा काढणाऱ्याने ओढली आहे. लोकांनी ती वाट चालली असेल असे नाही. म्हणून 'दर वर्षी' हा शब्द लिहू नये.

आणखी एक सापळा खास आमच्या आलेखातला. 'एकूण स्त्रिया' या रेषेत अनुसूचित जातींतील स्त्रियाही आहेत. पुष्कळ मुले 'इतर स्त्रिया' असे लिहून मोकळी होतात. 'एकूण' आणि 'इतर' यांत फरक आहे. इतरांशी तुलना केली असती तर अंतर याहून थोडे मोठे निघाले असते. रेषेखालचे नाव जसे आहे तसेच वाचावे.

या सर्व चर्चेनंतर तिने दुसरे उत्तर लिहिले. इंग्रजीतले ते उत्तर आम्ही इथे मराठीत देतो, म्हणजे त्याची बांधणी पालकांनाही दिसेल :

"या आलेखात १९९१ ते २०११ या काळातील तीन जनगणनांनुसार भारतातील एकूण आणि अनुसूचित जातींतील स्त्री-पुरुषांची साक्षरता दिली आहे.

एकंदरीत, चारही गटांचे प्रमाण वाढले आणि सर्वांत वरच्या व सर्वांत खालच्या गटांतील अंतर बरेच कमी झाले. मात्र गटांचा क्रम संपूर्ण काळात तोच राहिला.

पुरुषांपैकी एकूण पुरुषांचे प्रमाण ६४ टक्क्यांवरून ८१ टक्क्यांवर गेले. अनुसूचित जातींतील पुरुषांची सुरुवात १४ बिंदू खालून, म्हणजे ५० पासून झाली. पहिल्या दशकात ते १७ बिंदूंनी वाढले, दुसऱ्यात केवळ ८ बिंदूंनी. २०११ मध्ये त्यांनी गाठलेले ७५ टक्के हे प्रमाण एकूण पुरुषांनी दहा वर्षांपूर्वीच गाठले होते.

स्त्रियांची वाढ अधिक होती. एकूण स्त्रियांचे प्रमाण ३९ वरून ६५ झाले, तर अनुसूचित जातींतील स्त्रियांचे २४ वरून ५६, म्हणजे दुपटीहून अधिक. या दोन गटांतील अंतर १५ बिंदूंवरून ९ वर आले. तरीही अनुसूचित जातींतील स्त्रिया त्याच जातींतील पुरुषांपेक्षा १९ बिंदूंनी मागे होत्या."

बारा आकड्यांपैकी २००१ मधले आकडे तिने जवळजवळ सगळे गाळले आहेत. एका जागी ते न लिहिता बिंदूंतून सूचित केले आहेत. रेषांची विभागणी तिने पुरुष आणि स्त्रिया अशी केली. जातीनुसार केली असती तरीही चालले असते, पण मग तुलनेचा भर स्त्री-पुरुष भेदावर गेला असता. कशाशेजारी काय ठेवावयाचे याचा निर्णय लिहिणाऱ्याचा आहे आणि तो पहिल्या तीन मिनिटांतच करावा लागतो. 'दहा वर्षांपूर्वीच गाठले होते' या वाक्यासाठी इंग्रजीत 'हॅड रीच्ड' असे पूर्ण भूतकाळाचे रूप लागते. पाठ केलेल्या विशेषणांपेक्षा योग्य जागी आलेले असे एक रूप परीक्षकाला भाषेची खरी पकड दाखवते.

नकाशांच्या प्रश्नाबद्दल थोडेच सांगतो. तिथे बहुधा एकाच जागेची दोन काळांतील चित्रे असतात. वाक्ये 'बांधण्यात आला', 'पाडण्यात आली', 'रुंद केला गेला' अशी कर्मणी प्रयोगात येतात. दुसरा नकाशा भविष्यातील योजनेचा असेल तर 'बांधला जाणार आहे'. मुले नकाशावरचे वर्ष न पाहता सगळेच भूतकाळात लिहितात, ही नेहमीची चूक. पण खरी अडचण दिशांच्या शब्दांत आहे. समजा, नकाशात गाव, पूर्वेला ओढा आणि ओढ्यापलीकडे वस्ती आहे. इंग्रजीत 'इन द ईस्ट ऑफ द व्हिलेज' म्हटले की वस्ती गावाच्या हद्दीत, पूर्व भागात येते. 'टू द ईस्ट ऑफ द व्हिलेज' म्हटले की ती गावाबाहेर, पूर्वेच्या दिशेला जाते. आपल्या वाडवडिलांच्या वस्त्या यांपैकी कोणत्या शब्दाने सांगाव्या लागतील, हे आमच्या मुलांना समजावून सांगावे लागत नाही, आणि म्हणूनच हा फरक ती एकदा ऐकून विसरत नाहीत. दुसऱ्या नकाशात ओढ्यावर पूल झाला आणि गावची हद्द पलीकडे सरकली असेल, तर तोच शब्द बदलून 'इन' होतो. बदल सांगण्यासाठी तेवढा एक शब्द पुरतो.

प्रक्रियेच्या आकृतीसाठी आम्ही गुऱ्हाळ घेतो, कारण बहुतेक मुलांनी ते पाहिलेले असते. ऊस चरकात घालून रस काढला जातो. रस गाळून काहिलीत ओतला जातो आणि चुलाणावर तापवला जातो. तापत असताना त्यात भेंडीचे पाणी घातले जाते, त्यामुळे मळी वर येते आणि ती काढून टाकली जाते. रस आटून घट्ट झाला की वाफ्यात ओतून निववला जातो व शेवटी साच्यांत भरून ढेपा केल्या जातात. इथे वर्तमानकाळ, कर्मणी प्रयोग आणि क्रम सांगणारे शब्द एवढेच लागतात. आकडे नाहीत, वाढ नाही, म्हणून 'इन्क्रीज्ड' वगैरे शब्दांना इथे थारा नाही. पाक केव्हा उतरवावयाचा हे ज्याच्या डोळ्याला कळते तो गुळव्या या वाक्यांत कुठेच दिसत नाही, याची खंत आमच्या एका विद्यार्थ्याने बोलून दाखवली. आकृतीत माणूस काढलेला नसेल तर उत्तरातही तो आणता येत नाही. प्रश्नाची ही मर्यादाच आहे.

प्रक्रियेतील ओव्हरव्ह्यू म्हणजे पायऱ्या किती, सुरुवात कशाने, शेवट कशात, आणि प्रक्रिया सरळ रेषेत जाते की फिरून मागे येते. गुऱ्हाळात ती अंशतः फिरून येते. चरकातून निघालेली चिपाडे वाळवली जातात आणि चुलाणात जळण म्हणून घातली जातात. आकृतीत हा बाण बहुधा खाली, कडेने, बारीक काढलेला असतो. वर्गात आठ-दहा मुलांनी उत्तरे लिहिली, तर निम्म्यांचा तो सुटतो; ती ऊस ते ढेप एवढे सरळ लिहून थांबतात. म्हणून वही मिटण्यापूर्वी आम्ही एकच तपासणी करायला लावतो : आकृतीतील प्रत्येक बाणावर बोट ठेवावे आणि त्याचे वाक्य आपल्या उत्तरात शोधावे. ज्या बाणाचे वाक्य सापडत नाही, तो बहुधा चिपाडांचाच असतो.